बिल खरं की खोटं? चौथीच्या मुलांसाठी अंदाजाचा धडा

चौथीतली मुलं बेरीज करतात, पण दुकानात कागद-पेन्सिल हाताशी नसते. तिथे कामी येतो तो अंदाज. हा धडा शिकवायला घरातलं किराणा मालाचं एक बिल पुरेसं आहे. यंत्रातून निघालेल्या बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून आधी त्याची झेरॉक्स काढा. त्यावर तुमचा फोन नंबर असेल तर तो झाका आणि तळाची एकूण रक्कमही घडी घालून लपवा. खर्च झेरॉक्सपुरताच.

नमुन्याचं बिल

- तूरडाळ १ किलो: १४८ रु.
- साखर २ किलो: ८८ रु.
- गूळ अर्धा किलो: ३४ रु.
- शेंगदाणे अर्धा किलो: ७२ रु.
- पोहे १ किलो: ५६ रु.
- तेलाची पिशवी: १४३ रु.
- अंगाचा साबण: ३७ रु.
- चहा पाव किलो: १२५ रु.

(भाव नमुन्यादाखल आहेत, तुमच्याकडचे घाला.)

जवळचं दशक कसं शोधायचं?

मुलाला विचारा, १४८ कोणत्या दोन दशकांच्या मध्ये आहे? १४० आणि १५०. जवळ कोणतं? १५०. संख्यारेषा काढून दाखवली की हे डोळ्यांनी दिसतं. १२५ मात्र बरोबर मध्यावर आहे. अशा वेळी वरचं दशक घ्यायचं, असा संकेत आहे, म्हणून १३०.

इथे एक चूक हमखास होते. मुलं १४३ चे १३० करतात, कारण ‘खाली जायचं’ म्हणजे एक दशक कमी करायचं असं त्यांना वाटतं. नियम पुन्हा सांगू नका, ‘१४३ कोणाच्या मध्ये?’ एवढंच पुन्हा विचारा.

आता १५०, ९०, ३०, ७०, ६०, १४०, ४० आणि १३० यांची बेरीज ७१०. घडी उघडा. खरं बिल ७०३ रुपयांचं. काही आकडे वर गेले, काही खाली आले, म्हणून फरक सातचाच राहिला. वर्गातल्या सगळ्यांचा अंदाज नेमका ७०० आला, तर समजा, मुलांनी आधी खरी बेरीज केली आणि मग उत्तराला गोल केलं.

शेकड्याने अंदाज केला तर? साबण आणि गूळ दोन्ही शून्य होतात आणि बेरीज येते ६००. लहान किमतींच्या बिलाला दशकच बरं, हे मुलांना स्वतः करून कळू द्या.

बिल तपासताना

समजा, तळाशी ७९१ रुपये लिहिलेत. अंदाज ७१० चा. एका वस्तूमागे फरक जास्तीत जास्त ५ रुपयांचा पडतो, म्हणून आठ वस्तूंमागे ४० च्या वर जाऊच शकत नाही. इथे ८१ चा फरक आहे, म्हणजे चूक नक्की. आता ८१ च्या आसपासची किंमत शोधा. साखर ८८ ची, शेंगदाणे ७२ चे. या दोन ओळी आधी पाहा. साखर दोनदा लागली आहे!

पण साबण दोनदा लागला असता, तर बिल ७४० झालं असतं आणि फरक ३० चाच दिसला असता. तो ४० च्या आत बसतो. म्हणजे अंदाज मोठी चूक पकडतो, लहान निसटू शकते. फरक वीस-तीसचा दिसला की खरी बेरीज करायचीच.

पैसे पुरतील का, हे पाहताना

हा प्रश्न वेगळा, म्हणून रीतही वेगळी. ६४, ३४, ५४ आणि ८४ रुपयांच्या चार वस्तू घ्या. जवळच्या दशकाने बेरीज २२० येते, खरी मात्र २३६. मूल २२० रुपये घेऊन गेलं तर १६ रुपये कमी पडतील, कारण चारही आकडे खालीच आले. खिशाचा हिशेब करताना प्रत्येक किंमत वरच्या दशकाला न्यायची: ७०, ४०, ६० आणि ९०, म्हणजे २६०. एवढे असले की पैसे नक्की पुरतात. आपल्या मोठ्या बिलाचा असा आकडा ७४० येतो.

घरचा अभ्यास

पुढच्या वेळी दुकानात निघण्यापूर्वी मुलाने यादीवर वरच्या दशकाचे आकडे लिहावेत आणि पैसे मोजून घ्यावेत. बिल हातात आल्यावर जवळच्या दशकाने बेरीज करावी आणि वस्तू मोजून प्रत्येकीमागे ५ रुपये धरावेत. फरक त्याहून जास्त असेल, तर काउंटर सोडण्यापूर्वी दुकानदारकाकांना ती ओळ दाखवावी. माल आणि बिल दोन्ही समोर असतात तेव्हाच चूक सहज दुरुस्त होते.