बाटलीचे लेबल : परिघाचा एक पाठ

सातवी-आठवीच्या वर्गात वृत्तचितीचे वक्रपृष्ठ उलगडले असता आयत मिळतो, हे आपण फळ्यावर शिकवितो. या आयताचा प्रत्यक्ष उपयोग करावयाचा झाल्यास मात्र नुसते सूत्र पुरे पडत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका शाळेत याचा अनुभव आला, तो शिक्षकबंधुभगिनींपुढे मांडतो.

गावातील महिला बचत गटाला यात्रेकरूंना विकण्याच्या मधाच्या बाटल्यांसाठी लेबल हवे होते. मुलांनी पट्टीने बाटलीचा व्यास मोजला, तो ६.८ सेंटिमीटर भरला. ३.१४ ने गुणून परीघ सुमारे २१.४ सेंटिमीटर आला. एक सेंटिमीटर जोडासाठी धरून २२.४ सेंटिमीटर लांबीची लेबले छापून आणली. चिकटविताना एक सेंटिमीटरचा जोड जेमतेम चार मिलिमीटर उरला आणि दुसऱ्या दिवशी कडा सुटू लागल्या. शिवाय डाव्या कडेला छापलेली तारखेची ओळ जोडाखाली झाकली गेली. बंद बाटलीतील खाद्यपदार्थावर तारीख वाचता आलीच पाहिजे, असा कायदा आहे. सबब सर्व लेबले वाया गेली.

पहिली चूक मापनाची होती. बाटलीचा खरा व्यास ७ सेंटिमीटर होता, कारण गोल वस्तूवर पट्टी आडवी धरली असता ती नेमकी मध्यातून जाईलच असे नाही. व्यासातील दोन मिलिमीटरांची चूक परिघात तिपटीहून अधिक, म्हणजे सहा मिलिमीटरांवर जाते. म्हणून कागदाची अरुंद पट्टी बाटलीभोवती घट्ट गुंडाळावी, दोन्ही पदरांतून टाचणी टोचावी, पट्टी उलगडावी आणि दोन छिद्रांमधील अंतर मोजावे. हाच परीघ होय. येथे तो २२ सेंटिमीटर आला. सूत्राचा उपयोग पडताळ्यासाठी करावा : ७ ला २२/७ ने गुणिले असता २२ येतात.

हे मापन बाटलीच्या सरळ भागाच्या वर व खाली, अशा दोन ठिकाणी करावे. दोन्ही मापे निरनिराळी आली तर बाटली वृत्तचिती नसून शंकूकडे झुकलेली आहे असे समजावे. अशा बाटलीवर आयताकृती लेबल तिरके चढते, त्याची दोन टोके जुळत नाहीत आणि सुरकुत्या पडतात. तीस कमानीसारखे वाकलेले लेबल लागते. तसेच पाच-सहा बाटल्या मोजून सर्वांत मोठा परीघ धरावा, म्हणजे जोड कोठेही अपुरा पडणार नाही.

आता जोडाचा विचार. डावे टोक प्रथम चिकटते आणि उजवे टोक त्यावर बसते. लेबलाची लांबी २२ अधिक १, म्हणजे २३ सेंटिमीटर. डावीकडील पहिला एक सेंटिमीटर झाकला जातो, तेव्हा तो कोरा ठेवावा. दिसणारा भाग १ पासून २३ पर्यंतचा. त्याचा मध्य डाव्या कडेपासून १२ सेंटिमीटरवर येतो, कागदाच्या मध्यावर, म्हणजे साडेअकरावर, नव्हे. दर्शनी मजकूर या १२ च्या खुणेवर मांडला, तर जोडाची कड बरोबर पाठीमागे जाते.

दर्शनी भाग किती रुंद असावा? यासाठी मुलांकडून एक प्रयोग करवावा. कागदावर एकेक सेंटिमीटरचे चौकोन आखून तो बाटलीवर गुंडाळावा, बाटली हात लांब करून धरावी आणि एक डोळा मिटून पाहावे. समोरचा चौकोन पूर्ण दिसतो, बाजूचे अरुंद होत जातात. मध्यापासून परिघाच्या सहाव्या भागाइतक्या अंतरावर, येथे सुमारे ३.७ सेंटिमीटरवर, चौकोन जवळजवळ निम्म्याच रुंदीचा दिसतो. त्यापलीकडील अक्षरे वाचण्यास बाटली फिरवावी लागते. सबब दर्शनी भाग परिघाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नसावा. येथे ७ सेंटिमीटर घेतला.

मांडणी अशी झाली : ० ते १ कोरा जोड, १ ते ८.५ डावा भाग, ८.५ ते १५.५ दर्शनी भाग, १५.५ ते २३ उजवा भाग. उंचीसाठी बाटलीचा सरळ भाग ९ सेंटिमीटर होता. खांद्याच्या व तळाच्या गोलाईवर कागद चढू नये म्हणून वर व खाली तीन-तीन मिलिमीटर सोडून ८.४ सेंटिमीटर धरली.

छापण्यापूर्वी याच मापाचा कोरा कागद कापून, त्यावर पेन्सिलीने मजकूर लिहून बाटलीवर गुंडाळला. तारीख वाचता आली, तेव्हाच मुले छापखान्याकडे गेली.

स्वाध्याय : एका बाटलीचा परीघ २६.४ सेंटिमीटर असून जोड १.२ सेंटिमीटर ठेवावयाचा आहे. लेबलाची लांबी, दर्शनी मध्य आणि दर्शनी भागाची कमाल रुंदी काढा. (उत्तर : २७.६, डाव्या कडेपासून १४.४, ८.८ सेंटिमीटर.)