पहिल्या दीड मिनिटात फक्त पेला भर

अगं, तुझ्या विज्ञानाच्या ऑडिओ मालिकेची तू पाठवलेली प्रस्तावना मी दोनदा वाचली आणि एकदा घड्याळ लावून मोठ्याने म्हणून पाहिली. चार मिनिटं झाली. त्यातलं पहिलं मिनिट नमस्कार, स्वागत आणि आभार यांत जातं आणि दुसरं विज्ञानाचं महत्त्व सांगण्यात. तोपर्यंत चौथीतला पोरगा पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी ओढायला लागलेला असेल. रेडिओवर निवेदन करताना मी एक गोष्ट पक्की शिकले: ऐकणाऱ्याला कानाने काही करायला मिळालं की तो थांबतो, नुसतं सांगत राहिलं की उठून जातो. मुलं तर थांबण्याचं नाटकही करत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रस्तावना दीड मिनिटाची कर आणि तिची सुरुवात तुझ्या आवाजाने नको, पाण्याच्या आवाजाने कर. मुलांशी बोलताना मिनिटाला एकशेवीस-एकशेतीस शब्द पुरेत. मधे आवाज ऐकवायचे आणि थांबायचं, म्हणजे हातात जेमतेम सव्वाशे-दीडशे शब्द उरतात. तेवढ्यात एकच गोष्ट नीट बसते.

ती गोष्ट तुझ्याच मसुद्यात होती, तिसऱ्या पानावर, ‘ध्वनी’ या पाठाखाली दडलेली. कळशी भरत आली की आवाज बदलतो, असं एक वाक्य तू लिहिलंयस. अगं, हेच तर सोनं आहे! नळाला पाणी आलं की कळशी लावून अंगणात खेळायचं आणि भरत आली की धावत जायचं, हे तुझ्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला येतं. ते कान कसे ओळखतात, हे मात्र त्याला कुणी विचारलेलं नसतं.

तुझं एक वाक्य मात्र बदल. ‘पाणी वाढलं की आवाज वाढतो’ असं लिहू नकोस. आवाज मोठा होत नाही, सूर चढतो. मुलं या दोन गोष्टींत हमखास घोटाळा करतात आणि बाईंनीच घोटाळा केला तर तो दहावीपर्यंत पुरतो. पाण्याच्या वर भांड्यात जी हवा उरते, ती थरथरत असते. पाणी चढतं तशी हवेची जागा कमी होते आणि जागा जितकी आखूड तितकी थरथर जलद. सरळ उभ्या पेल्यात हवेची उंची निम्मी झाली की सूर जवळजवळ एक सप्तक वर जातो. आता गंमत बघ. धार सारखीच ठेवली तर पहिलं सप्तक चढायला अर्धा पेला भरावा लागतो, पण पुढचं सप्तक त्याच्या निम्म्या वेळात चढतं आणि त्यापुढचं आणखी निम्म्यात. म्हणून शेवटी शेवटी सूर पळतोच. अंगणातून धावत येणाऱ्याला तो पळणारा सूर ऐकू येतो. हे सगळं प्रस्तावनेत सांगायचं नाही हं, तुला माहीत असावं म्हणून सांगतेय. ते दुसऱ्या भागासाठी ठेव.

पण नुसता चढणारा सूर पुरत नाही, कारण तो मुलांना आधीच ठाऊक असतो. त्यांना अडवणारं काहीतरी हवं. ते त्याच पेल्यात आहे. पेला भरताना सूर चढतो, पण त्याच पेल्याच्या काठावर चमच्याने टिचकी मारली तर रिकाम्यापेक्षा भरलेल्या पेल्याचा सूर खाली येतो. जलतरंगात जास्त पाण्याच्या वाटीचा स्वर खालचा असतो, तो याचमुळे. तिथे हवा नाही, पेल्याची भिंत थरथरते आणि पाणी तिला जड करतं. पेला तोच, पाणी तेच, आणि सूर दोन्हीकडे पळतो. या एका कोड्यावर मुलं आठवडाभर भांडतील.

मी तुझ्यासाठी प्रस्तावना अशी मांडून ठेवलीय. कंसातलं वाचायचं नाही, करायचं.

(स्टीलच्या पेल्यात पाण्याची बारीक धार. रिकाम्यापासून काठापर्यंत, साधारण बारा सेकंद.)

‘ऐकलंत? आता डोळे मिटा आणि पुन्हा ऐका.’

(तीच धार, पण पेला अर्धा झाल्यावर बंद.)

‘पेला भरला का? नाही ना? पण तुम्ही तर डोळे मिटले होते. मग कसं कळलं?’

(तीन सेकंद काहीच नाही.)

‘कानाने कळलं. घरी कळशी नळाखाली लावून तुम्ही खेळत असता आणि भरत आली की बरोबर धावत येता, ते याच कानांच्या जोरावर. पाणी चढतं, तसा सूर चढतो. बरं, आता हे ऐका.’

(रिकाम्या पेल्याच्या काठावर चमचा, दोनदा.)

‘हा रिकामा पेला. आणि आता हाच पेला, भरलेला.’

(पुन्हा दोनदा.)

‘अरेच्चा, सूर उतरला! भरताना चढला आणि वाजवला तर उतरला. असं का? मी तुमची बाई. दर शनिवारी सकाळी आपण असं एक कोडं ऐकणार आहोत, घरी करून बघणार आहोत आणि त्याचं कारण शोधणार आहोत. आज घरी एक स्टीलचा पेला, एक चमचा आणि तांब्याभर पाणी घ्या. थोडं थोडं पाणी ओता आणि दर वेळी काठावर चमचा वाजवा. सूर कुठून उतरायला लागतो? तळापासून, मध्यापासून, की काठाजवळून? तिथे बाहेरून खडूने खूण करा. पुढच्या शनिवारी मला सांगा. आणि उरलेलं पाणी झाडाला.’

बस. ‘धन्यवाद’ नको, ‘भेटूया’ नको. झाडापाशी थांब.

ती तीन सेकंदांची शांतता तुला फार मोठी वाटेल आणि कापावीशी वाटेल. कापू नकोस. वर्गात त्या तीन सेकंदांतच उत्तरं ओरडली जातात. एकाच वेळी वीस जण बोलतील, तोपर्यंत तुझं पुढचं वाक्य यायला नको.

खुणेचा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. साधारण अर्धा पेला भरेपर्यंत सूर फारसा हलत नाही, त्यानंतर मात्र तो भराभर उतरतो. थरथर मुख्यतः काठाकडे असते आणि तळाजवळची भिंत जागची फारशी हलत नाही. त्यामुळे तळातल्या पाण्याचं ओझं काठाला जाणवत नाही. म्हणून बहुतेक खुणा मध्याच्या वर येतील. एखाद्याचा पेला जाड पत्र्याचा किंवा खाली निमुळता असेल तर खूण वेगळी येईल. ती चूक म्हणून खोडू नकोस, त्याला पेला घेऊन यायला सांग. आणि कुणी म्हणालं की सूर उतरलाच नाही, तर आधी बघ पेला कसा धरलाय. मुठीत धरलेला पेला टिंग करत नाही, नुसता टक करतो. तो जमिनीवर घडी घातलेल्या कापडावर ठेवायला हवा.

आता रेकॉर्डिंग. तुला कळशीचाच आवाज वापरायचा मोह होईल, पण पेलाच वापर. कळशी मोठी, तिचे सुरुवातीचे सूर खर्जातले, आणि मोबाइलच्या छोट्याशा स्पीकरमधून खर्ज बाहेरच पडत नाही. मुलांना अर्धी कळशी भरेपर्यंत नुसती खरखर ऐकू येईल. दहा सेंटिमीटर उंचीच्या पेल्याचा सूर पहिल्यापासूनच वरचा असतो, तो साध्या फोनवरही स्वच्छ येतो. धार बारीक ठेव. मोठी धार खळखळते आणि त्या खळखळाटात सूर बुडतो. फोन पेल्यापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धर, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत.

व्हॉट्सॲपचं माइकचं बटण दाबून थेट बोलू नकोस. त्यात आवाज फार आवळला जातो. फोनमधलं रेकॉर्डर ॲप वापर आणि त्याच्या सेटिंगमध्ये गोंगाट कमी करणारी सोय असेल तर ती बंद कर. सलग वाहणाऱ्या पाण्याला फोन गोंगाट समजतो आणि पुसून टाकायला बघतो. दुसऱ्यांदा ऐकताना धार मधेच विरल्यासारखी वाटली तर ओळख की तेच झालंय. शेवटी एमपी३, एकच चॅनल, ६४ केबीपीएस अशी फाइल बनव. मिनिटाला अर्धा एमबीच्या आसपास बसते, म्हणजे तुझं दीड मिनिट एक एमबीच्या आत. ज्या पालकाकडे दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो, त्यालाही ती उतरवता येईल. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव.

जागा म्हणशील तर रिकामा वर्ग नको. भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात, तुझा शेवटचा शब्द पुढच्या शब्दावर चढतो. घरातली गाद्यांची खोली बरी. पंखा बंद, आणि लाइट जायच्या वेळी बस, म्हणजे शेजारचा टीव्हीही बंद असेल!

सुरुवातीला सिनेमाचं गाणं लावायचा विचार सोड. ते दुसऱ्याचं असतं, परवानगी लागते. तुझ्या चौथीतल्या तीन पोरांना तीन पेल्यांत कमीजास्त पाणी देऊन तीन सूर वाजवायला सांग. दर शनिवारी तेच लाव. काही शनिवारांत अख्खा गाव ओळखेल.

एक काम मात्र फाइल पाठवण्याआधीच कर. शेजारचं एखादं मूल बोलव, घरातला सगळ्यात जुना फोन टेबलावर ठेव आणि काही न सांगता ऐकव. नंतर ‘आवडलं का’ विचारू नकोस, हो म्हणेलच ते. ‘काय ऐकलंस, सांग’ असं विचार. त्याने पेला, चमचा आणि सूर उतरला हे तिन्ही सांगितलं तर पाठव. त्याला बाई आठवल्या आणि पेला आठवला नाही, तर तुझं बोलणं अजून कापायला हवं.

मला फाइल गुरुवारी रात्रीपर्यंत दे. शुक्रवारी ऐकून सांगते.