टिपणांचा कागद

सोलापुरात राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवत होतो. दिग्दर्शकांची टिपणं मोबाइलवर रेकॉर्ड करून प्रत्येकाला त्याचे बदल काढून देणं माझ्याकडे होतं.

१. संपूर्ण तालीम सलग रेकॉर्ड करावी. दिग्दर्शक ‘इथं थांब’ म्हणतात, तेव्हा ‘इथं’ म्हणजे कुठं, हे त्याआधी ऐकू आलेल्या संवादावरूनच कळतं. मी तो संवाद आणि संहितेचा पान क्रमांक आधी लिहितो, टिपण नंतर.

२. नाटक तीन अंकी आहे आणि सगळं एकाच सभागृहात घडतं. नुसतं ‘दुसरा अंक’ म्हटल्यानं कुणालाच जागा सापडत नाही. म्हणून पात्रांच्या येण्याजाण्यावरून आम्ही अंकांचे तुकडे पाडले आणि त्यांना नावं दिली. एका तुकड्याचं नाव होतं ‘बंद दार’.

३. एका टिपणात अनेकांचं काम दडलेलं असतं. लीला बेणारे निघून जायला बघते, पण दार बाहेरून अडकलेलं असतं. त्या जागी रेकॉर्डिंगमध्ये एवढंच होतं : “दार खोटं वाटतंय. जोर नाही.” हे टिपण फक्त बेणारे करणारीला दिलं असतं, तर फुकट गेलं असतं. तिला विचारलं, तेव्हा कारण कळलं. दार ओढलं की अख्खा फ्लॅट हलायचा, म्हणून ती हात आखडता घ्यायची. मग कागदावर क्रम असा लागला : आधी नेपथ्यवाल्यांनी फ्लॅटला मागून तिरका टेकू द्यायचा आणि त्याच्या पायावर वजन ठेवायचं. मग विंगेतल्या मुलानं, ती दाराकडे वळण्याआधीच, बाहेरची कडी लावून ठेवायची. त्यानंतर तिनं पूर्ण ताकदीनं ओढायचं. पहिली दोन कामं झाल्याशिवाय तिसरं सांगायचं नाही.

४. दिग्दर्शक प्रेक्षागृहात बसून ‘डावीकडे’ म्हणतात, ती त्यांची डावी बाजू. रंगमंचावरची डावी-उजवी नटाच्या बाजूनं, प्रेक्षकांकडे तोंड करून मोजतात. कागदावर नेहमी नटाचीच बाजू लिहावी, नाहीतर खुर्ची भलत्याच विंगेत जाऊन बसते.

५. प्रकाश आणि ध्वनीच्या माणसाला मिनिटं-सेकंद देऊ नयेत. प्रयोगाची गती रोज बदलते. त्याला संवादातला शेवटचा शब्द द्यावा.

६. कालचं आणि आजचं टिपण विरोधी निघालं, तर नवंच खरं असं आपणच ठरवू नये. दोन्ही दिग्दर्शकांसमोर ठेवून एक खोडून घ्यावं आणि तारीख घालावी.

स्पर्धेच्या प्रयोगाआधी हुतात्मा स्मृती मंदिरात नेपथ्य उभारायला मोजकाच वेळ मिळतो. म्हणून रंगीत तालमीनंतरचा प्रत्येक बदल आधी विंगेतल्या माणसाच्या कागदावर चढवा, मगच नटाला सांगा.