चिलटं परत का येतात?

मेसच्या तक्रारवहीत परीक्षेच्या काळात नेहमी एकच तक्रार असते : भाजीत मीठ नाही. पण गेल्या मे महिन्यात सलग तीन पानं चिलटांनी भरली होती. ताटावर चिलटं, ताकात चिलटं, पाण्याच्या पिंपाभोवती चिलटं. त्यातली एक तक्रार माझी. मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "स्वयंपाकघराची साफसफाई होत नाही." दुसऱ्या दिवशी मेसचे कंत्राटदार भांडी-मोरी बघणाऱ्या मावशींना म्हणाले, आठ दिवसांत सुधारणा दिसली नाही तर दुसरी बाई बघतो. मावशी मला एवढंच म्हणाल्या, "झिला, मी रोज मोरी घासतंय, मगे ही खयसून येतत?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मेस कमिटीवर असल्याने उत्तर शोधणंही माझ्याच गळ्यात पडलं.

पहिली चूक मी लगेच केली. आमची देवगडला थोडी कलमं आहेत. बागेत फळमाशीसाठी सापळे टांगलेले असतात, ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेले आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा म्हणजे तोच. घरून एक आणला आणि सिंकच्या वर टांगला. चार दिवसांत त्यात एकही चिलट पडलं नाही. कारण शोधायला वाचनालयात बसलो तेव्हा कळलं की माशीच वेगळी आहे. बागेतली फळमाशी जवळजवळ घरमाशीएवढी असते, तपकिरी-पिवळी. ती झाडावरच्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. 2014 साली युरोपीय संघाने भारतातल्या हापूसवर बंदी घातली होती ती अशा फळमाश्यांमुळे. 2015 मध्ये ती उठली. सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं आणि त्याच्या वासाला फक्त त्या जातीचे नर येतात. बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने 1912 साली लिहून ठेवलं की सिट्रोनेला तेलाच्या वासाला या माश्या धावतात, आणि 1915 मध्ये तेलातलं नेमकं द्रव्य दाखवून दिलं. आपल्या ताकात पडणारं चिलट मात्र तीन मिलिमीटरचं, लाल डोळ्यांचं, 'ड्रोसोफिला' कुळातलं. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना ते आनुवंशिकतेच्या धड्यात भेटलं असेल. त्याला मिथाइल युजेनॉलशी काही देणंघेणं नाही. त्याला आंबल्याचा वास लागतो.

आंबट वेगळं आणि आंबलेलं वेगळं, हेही आम्ही अनुभवानेच शिकलो. एका मित्राने ग्लासात कोकम सरबत ठेवलं. आंबट आहे, येतील. फारशी आली नाहीत. मग व्हिनेगर आणलं. (माडी जास्त चांगली चालली असती, पण रेक्टर सरांना 'प्रयोगासाठी' हे कारण पटलं नसतं.) अर्धा कप व्हिनेगर, अर्धा चमचा साखर आणि भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब. वर कागदाचा नरसाळ्यासारखा शंकू, टोकाला पेन्सिल जाईल एवढं भोक. साबणाचे दोन थेंब विसरायचे नाहीत. साध्या द्रवावर चिलट पृष्ठताणामुळे उभं राहतं, पितं आणि उडून जातं. साबणाने पृष्ठताण कमी होतो आणि ते बुडतं. पहिल्या रात्रीत साठाहून जास्त मोजली. आम्ही जिंकलो असंच वाटलं.

पाच दिवसांत आकडा पाच-सहावर आला. मावशींनाही जरा हायसं वाटलं. आणि नवव्या दिवशी सकाळी पुन्हा चाळीस.

इथे मला खरी गोष्ट समजली. ग्लासात बुडणारं चिलट हे मोठं झालेलं असतं, आणि मादी असेल तर बहुतेक वेळा अंडी घालून आलेलं असतं. एक मादी आयुष्यात चारशेच्या आसपास अंडी घालू शकते. अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत आपल्या उकाड्यात आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणजे सापळा हा उपाय नव्हे, ते मोजमापाचं यंत्र आहे. आकडा खाली जाऊन आठ-दहा दिवसांनी उसळला तर समजायचं की कुठेतरी पाळणा हलतोय.

तो पाळणा मी स्वतः आणून ठेवला होता. घरून आणलेले आंबे मी कोठीत करंडीत, भाताच्या पेंढ्यात अढी घालून ठेवले होते. दोन आंबे देठाकडून फुटून रस पेंढ्यात उतरलेला. चिलटाला धड, न फुटलेल्या हापूसमध्ये अंडी घालता येत नाहीत. त्याला फुटलेली, रस आलेली जागाच लागते. ते नासके आंबे आम्ही पहिल्याच दिवशी फेकले होते, फळं धुतली होती. करंडी आणि पेंढा मात्र तसाच ठेवला. चिलटाची अळी मोठी झाली की ओलं फळ सोडून कोरड्या जागी चढते आणि तिथे तिचा कोष होतो. मी करंडी उजेडात धरली तर बांबूच्या वेतकामात आणि पेंढ्याच्या काड्यांना तिळाहून लहान, तपकिरी दाणे चिकटलेले. कोष खात नाही, हलत नाही आणि व्हिनेगरच्या वासाला भुलत नाही. वेळ झाली की फुटतो एवढंच.

पेंढा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला, मग खड्ड्यात पुरला. करंडी कढत पाण्यात बुडवून ब्रशने घासली आणि वाळवली. त्याच वेळी कांदे-बटाट्याचं पोतं उपसलं, तळाशी एक पाणी सुटलेला बटाटा निघाला. सरबताच्या रिकाम्या बाटल्या विसळल्या, ओलं पोछ्याचं फडकं बाहेर वाळत घातलं. या जागा बारीक वाटतात, पण चिलटाला एक चमचा आंबलेला रस पुरतो.

मी तक्रारवहीत माझ्या तक्रारीखाली 'पेंढा माझाच होता' असं लिहून सही केली. कंत्राटदारांनी ते वाचलं. पण म्हणाले, "मग सिंकजवळ अजून उडतायत त्या कोणाच्या?"

त्या वेगळ्याच होत्या. फळांकडे जात नव्हत्या, मोरीजवळच्या टाइल्सवर शांत बसून राहायच्या. जवळून पाहिलं तर छोटं केसाळ पाखरूच, पंख मिटल्यावर बदामाच्या आकाराचे. हुसकल्यावर हातभर उडून पुन्हा भिंतीवर. बोटाने चिरडली तर राखेसारखा डाग. न्हाणीघरात आपण सगळे ती रोज बघतो, पण तिला आमच्या घरी कधी नाव दिलेलं ऐकलं नाही. मी तिला मोरीमाशी म्हणतो. तिच्या अळ्या पाईपच्या आत जमणाऱ्या बुळबुळीत काळ्या थरात राहतात आणि तोच थर खातात.

कुठल्या मोरीत, हे ठरवायला चिकटपट्टी पुरते. रात्री भांडी आटोपली की जाळी कोरडी पुसायची आणि रुंद पारदर्शक पट्टी चिकट बाजू खाली करून तिच्यावर लावायची. पूर्ण झाकायचं नाही, कडेने थोडी फट ठेवायची. खालून उडालेली माशी पट्टीला चिकटते. एका रात्रीवर विसंबू नये. आम्ही चार रात्री लावली. सिंकवर चार रात्रींत मिळून एक, ताटं धुण्याच्या जागी शून्य, आणि भाजी धुण्याच्या कट्ट्याखालच्या नहाणी ट्रॅपवर तेवीस.

जाळी उचलली. वरून ती मावशींनी लख्ख ठेवली होती. खाली मात्र ट्रॅपच्या भिंतीवर आणि जाळीच्या पाठीवर बोटभर जाड काळा थर. फरशी आणि ट्रॅपमधलं सिमेंट निघालेलं, त्या फटीतही भाजीचा लगदा. मावशींकडे होता फक्त खराटा आणि फरशी घासायचा ब्रश. आत जाणारी वस्तू त्यांना कोणी दिलीच नव्हती. सिव्हिलच्या मित्रांनी हे बघायला हवं होतं, कारण फट राहणं हा साफसफाईचा दोष नाही, बांधकामाचा आहे.

लोक अशा वेळी ओततात. ब्लिचिंगचं पाणी मधून वाहून जातं. थराला वरवर लागतं, आत अळी शेपटीकडची श्वासनळी वर काढून खुशाल असते. उकळतं पाणी रोज ओतलं तर पीव्हीसीचा पाईप आणि सांधे मऊ पडतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की फेस छान येतो, पण एकाने दुसऱ्याला मारून उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. आणि ब्लिचिंगवर संडास धुण्याचं ॲसिड कोणीही, कधीही ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो माणसाला आडवा करू शकतो.

थर खरवडूनच काढावा लागतो. आम्ही बाटल्या धुण्याचा लांब ब्रश आणला. जाळीची पाठ, ट्रॅपच्या भिंती, सिंकच्या जोडाखालचा पाईप, सिंकच्या वरच्या कडेचं जादा पाण्याचं भोक, सगळं साबणाने घासलं आणि हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याने धुतलं. पहिले सात दिवस रोज, नंतर आठवड्यातून एकदा. फट सिमेंटने भरून घेतली. पहिल्याच दिवशी माश्या संपत नाहीत, कारण मोठी झालेली माशी दोनेक आठवडे जगते. म्हणून पट्टी पुन्हा लावून बघायची : आठव्या दिवशी पाच, पंधराव्या दिवशी एक, बाविसाव्या दिवशी काही नाही.

सुट्टीवरून परतल्यावर बंद खोल्यांच्या न्हाणीघरात माश्या दिसतात, त्याचं कारण आणखी वेगळं. ट्रॅपमधलं पाणी हेच खालच्या चेंबरचं झाकण असतं. महिनाभर कोणी पाणी ओतलं नाही की ते आटतं आणि रस्ता मोकळा होतो. सुट्टीला निघताना एक तांब्या पाणी आणि त्यावर चमचाभर खाद्यतेल ओतलं तर आटणं बरंच लांबतं.

मावशी मेसमध्येच आहेत. लांब ब्रश मोरीजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. त्या तो रोज झटकून उन्हात ठेवतात आणि कोणी आंब्याची करंडी घेऊन कोठीत शिरलं की आधी विचारतात, "पेंढो खयचो?"