पित्ताशयात दडलेला टायफॉईड



टायफॉईडला आपल्या घरांत मुदतीचा ताप म्हणतात, इकडच्या बाजारात मोतीझरा. ताप उतरला की आजार संपला, असे आपण धरून चालतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु शंभर रोग्यांपैकी साधारण दोन ते पाच जणांच्या शरीरात हे जंतू वर्षाहून अधिक काळ, कधी आयुष्यभर, राहतात. अशा व्यक्तीला रोगवाहक म्हणतात. तिला ना ताप असतो ना अशक्तपणा. काहींना तर आपल्याला टायफॉईड कधी झाला होता हेही ठाऊक नसते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे या गावी एका भाड्याच्या घरात ११ माणसे राहत होती. ऑगस्टच्या अखेरीस आठवडाभरात त्यांपैकी ६ जणांना टायफॉईड झाला. पाणी, दूध, सांडपाणी सर्व तपासले, दोष सापडला नाही. तेव्हा जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्याने वेगळा प्रश्न विचारला : आजारापूर्वी या घरात काय बदलले? उत्तर मिळाले, ४ ऑगस्टला स्वयंपाकीण बदलली होती. जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत सामान्यतः एक ते तीन आठवडे लागतात. पहिला रोगी २७ ऑगस्टला आढळला. म्हणजे हिशेब जुळत होता.

पण एक अडचण होती. शिजवलेल्या अन्नात हे जंतू मरतात, मग रोग पसरला कसा? चौकशीत कळले की ही बाई, मेरी मॅलन, ताजे पीच कापून घातलेले आइस्क्रीम करीत असे. हातांवरचे जंतू कापलेल्या फळाला लागले आणि नंतर त्याला आच लागलीच नाही. सोपरने तिच्या आधीच्या नोकऱ्या शोधल्या. १९०० पासूनच्या आठ घरांपैकी सात घरांत टायफॉईड झाला होता, एकूण २२ रोगी. मेरी स्वतः मात्र ठणठणीत होती.

आता जंतू राहतात कुठे ते पाहू. अन्नपाण्यातून आलेले जंतू आतड्याच्या भिंतीतून रक्तात आणि रक्तातून यकृतात जातात. यकृतात पित्त तयार होते आणि ते पित्ताशय या लहान पिशवीत साठते. पित्त साबणासारखे काम करते, त्यात अनेक जंतू टिकत नाहीत. टायफॉईडचे जंतू टिकतात. त्यात पित्ताचे खडे असतील तर ते खड्यांवर एकमेकांना चिकटून चिकट थर करतात. घागरीच्या आत शेवाळ धरते ना, तसाच काहीसा. या थरात औषध नीट शिरत नाही. म्हणून खडे असणाऱ्यांत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, रोगवाहक अधिक आढळतात. जेवण झाले की पित्ताशय आकुंचन पावते, पित्त आतड्यात उतरते आणि त्याबरोबर जंतू शौचावाटे बाहेर पडतात.

मात्र ते रोज पडत नाहीत. मेरीच्या शौचाच्या बहुतेक तपासण्यांत जंतू सापडले, काहींत सापडले नाहीत. म्हणून एकदा तपासून ‘नाही’ असे उत्तर आले तरी निश्चिंत होता येत नाही. थोड्या थोड्या दिवसांनी अनेक नमुन्यांची कल्चर तपासणी करावी लागते. आपल्याकडे सर्रास होणाऱ्या विडाल तपासणीने रोगवाहक ओळखता येत नाही.

मेरीला १९०७ मध्ये एका बेटावर ठेवण्यात आले. आपण निरोगी आहोत, मग ही कैद कशासाठी, हे तिला कधीच पटले नाही. पित्ताशय काढून टाकण्यास तिने नकार दिला, आणि त्या काळी ती शस्त्रक्रिया धोक्याचीच होती. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. परंतु दुसऱ्या कामात मजुरी कमी होती. नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयात २५ जणांना टायफॉईड झाला, दोघे दगावले. मेरी पुन्हा बेटावर गेली आणि १९३८ मध्ये तिथेच वारली. एकूण २६ वर्षे ती एकांतात होती.

आज अशी कैद लागत नाही. जंतूंना लागू पडणारे औषध साधारण चार आठवडे देतात. खडे असतील तर पुष्कळदा तेवढ्याने भागत नाही, मग पित्ताशय काढण्याचा विचार होतो. उपचारानंतर कल्चर वारंवार ‘नाही’ येईपर्यंत त्या व्यक्तीला चटणी, कोशिंबीर, कापलेली फळे, कुल्फी अशा न शिजणाऱ्या पदार्थांपासून दूर ठेवावे आणि दुसरे काम द्यावे. कामावरून काढून टाकले, तर ती कुठे जाईल हे मेरीच्या हकिगतीत दिसतेच. शौचानंतर साबणाने, बोटांच्या मधून आणि नखांखालून हात धुणे मात्र स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे, कारण रोगवाहक कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न
१. सोपरने पाणी व दूध सोडून स्वयंपाकिणीकडे लक्ष का वळवले?
२. वरणापेक्षा कोशिंबिरीतून हा रोग पसरण्याचा धोका अधिक का?
३. एकाच तपासणीवर विसंबून का राहू नये?