चाळिशी आणि माझा चष्मा

आमच्या घरात चष्मे दोन. एक वडिलांचा आणि एक माझा. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. पंचेचाळिशीच्या सुमारास त्यांना तुटलेला धागा फणीतून ओवणे जड जाऊ लागले. धागा हातभर लांब धरला की दिसे, पण तेवढ्या लांबून तो ओवता येईना. मग रविवारच्या बाजारात रस्त्यावर चष्मे मांडून बसलेल्या माणसाकडे ते गेले. त्याने फक्त एकच प्रश्न विचारला, "वय किती?" आणि पेटीतून एक चष्मा काढून दिला. तो त्यांना बरोबर लागला.

माझे तसे झाले नाही. आठवीत असताना मला फळा दिसेना. घरात चष्मा म्हणजे डोळ्यांचे औषध, ते कोणालाही चालते, अशी समजूत होती. म्हणून मी वडिलांचाच चष्मा लावून शाळेत गेलो आणि वीतभर अंतरापलीकडचे सारे धूसर झाले. पुढे शाळेत डोळेतपासणी झाली तेव्हा कळले की मला उलट्या जातीचे भिंग हवे होते. मधले वर्ष मात्र मी 'अभ्यासात लक्ष नसलेला मुलगा' म्हणून काढले. चष्म्याचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा असे दिसले की युरोपातील कारागिरांनाही पहिल्या जातीच्या भिंगाकडून दुसऱ्या जातीच्या भिंगाकडे यायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला होता. तो का लागला, हे या लेखात पाहावयाचे आहे.

चष्मा कोणी शोधला त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण केव्हा शोधला ते बरेच नेमके सांगता येते. सन १३०६ मध्ये फ्लॉरेन्स येथे जोर्दानो नावाच्या ख्रिस्ती भिक्षूने प्रवचनात सांगितले की ही कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत आणि ती प्रथम शोधणाऱ्या माणसाला आपण स्वतः भेटलो आहोत. म्हणजे शोध १२८६ नंतरचा. मूळ कारागीर आपली युक्ती कोणाला सांगेना. तेव्हा पिसा येथील आलेस्सांद्रो देला स्पीना या भिक्षूने ती वस्तू पाहून स्वतःच बनवली आणि आनंदाने सर्वांना शिकवली. पुढे व्हेनिसमध्ये तर, साधी काच स्फटिक म्हणून विकू नये, असा नियम भिंगे करणाऱ्यांना घालावा लागला. धंदा वाढला म्हणजे भेसळही आलीच!

हे सारे चष्मे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे मधे फुगीर आणि कडेला पातळ. लोखंडाच्या खोलगट साच्यात वाळू किंवा कुरुंदाची पूड घालून त्यात काच घाशीत घाशीत तिला फुगीर आकार द्यायचा. साचा जितका खोल, तितके भिंग जोरकस. अशा भिंगातून अक्षर मोठे दिसते हे पूर्वीपासून माहीत होते, त्यामुळे ते डोळ्यांपुढे धरून पाहण्याची बुद्धी होणे स्वाभाविक होते. अंतर्गोल भिंगातून मात्र अक्षर लहान दिसते. आधीच ज्याला दिसत नाही, त्याला वस्तू आणखी लहान करून दाखवावी हे कोणाला सुचणार? माझ्या मते उशिराचे मोठे कारण हेच असावे. शिवाय मधे पातळ होत जाणारी काच घासणे अवघड, ती फुटण्याची भीती अधिक.

तरी पंधराव्या शतकाच्या मध्यास अंतर्गोल भिंगे आलेली दिसतात. १४६२ मध्ये मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने फ्लॉरेन्समधील आपल्या वकिलाला तीन डझन चष्मे पाठवायला लिहिले : एक डझन लांबचे पाहण्यासाठी, तरुणांकरिता, एक डझन जवळचे पाहण्यासाठी, वृद्धांकरिता, आणि एक डझन साधारण दृष्टीचे. चार वर्षांनी त्याच्या मुलाने दोनशे चष्मे मागवले. त्या यादीत वृद्धांचे चष्मे तिसाव्या वर्षापासून सत्तराव्या वर्षापर्यंत दर पाच वर्षांना एक अशा प्रतींचे आहेत. तरुणांच्या चष्म्यांच्या प्रती मात्र दोनच!

या फरकातच सगळी मेख आहे. आपल्या डोळ्यात एक मऊ भिंग असते. जवळचे पाहताना ते अधिक फुगते. वयाबरोबर ते ताठर होते, आणि ही झीज बहुतेकांत सारख्याच गतीने होते. म्हणून वय विचारले की चष्म्याचा अंदाज येतो. आपल्या भाषेने तर या चष्म्याला नावच 'चाळिशी' असे दिले आहे! लघुदृष्टीचे तसे नाही. तिच्यात बहुधा डोळा मागेपुढे जरा लांब असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. अंतर्गोल भिंग किरणांना थोडे फाकवून ती मागे ढकलते. ही मीमांसा केप्लरने १६०४ मध्ये केली. पण डोळा किती लांब आहे हे वयावरून कळत नाही. ते मोजावेच लागते. १६२३ मध्ये सेव्हिल येथील दासा दे वाल्देस याने चष्म्यांवर पुस्तक लिहिले. कागदावर मोहरीचे दाणे ओळीत मांडून ते किती अंतरावरून मोजता येतात ते पाहण्याची रीत त्यात आहे.

माझे उदाहरण घेऊ. चष्म्याविना मला चाळीस सेंटीमीटरपर्यंत स्पष्ट दिसते. एक मीटरला ०.४० ने भागले की २.५ येतात, म्हणून माझा नंबर वजा अडीच. वडिलांचे भिंग उन्हात धरले तर भिंतीवर पन्नास सेंटीमीटरवर प्रकाशाचा ठिपका पडतो, म्हणून त्यांचा नंबर अधिक दोन. ते भिंग मी लावले तेव्हा अडीच अधिक दोन असा साडेचारांचा दोष झाला आणि एक मीटर भागिले साडेचार म्हणजे सुमारे बावीस सेंटीमीटर, ती माझी वीत! माझे भिंग उन्हात ठिपका पाडीतच नाही. दोहोंतला फरक ओळखायची सोपी खूण अशी की भिंगातून खिडकीचा गज पाहत भिंग बाजूला सरकवावे. गज उलट दिशेने सरकला तर भिंग बहिर्गोल, भिंगाबरोबर सरकला तर अंतर्गोल.

आणखी एक दोष दोन्ही जातींच्या भिंगांना दाद देईना. काहींना कापडाचा ताणा स्वच्छ दिसतो तर बाणा धूसर, कारण त्यांच्या डोळ्याची वक्रता उभी-आडवी सारखी नसते. ब्रिटिश ज्योतिषी एअरी याच्या डाव्या डोळ्याला हाच विकार होता. १८२५ मध्ये त्याने स्वतः मोजमाप करून, ज्याची एक बाजू एका दिशेनेच वक्र आहे असे भिंग घडवून घेतले.

आपल्याकडे चष्मा आला तो बहुधा पोर्तुगीजांच्या जहाजांतून. विजयनगरच्या दरबारातील व्यासरायस्वामी सोळाव्या शतकात पोथी वाचताना चष्म्यासारखे साधन वापरीत, असा उल्लेख सोमनाथकवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथात आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी चष्म्याच्या इतिहासावर लिहिताना या विषयाचा बारकाईने मागोवा घेतला. स्वामी तेव्हा वृद्ध होते आणि समोर पोथी होती, तेव्हा तीही चाळिशीच असणार.

वडिलांची चाळिशी आता त्यांना पुरत नाही. धागा पुन्हा लांब जाऊ लागला आहे. रविवारी ते त्याच माणसाकडे जाणार आहेत. या वेळी ते वय पन्नास सांगतील.