वर्षात दोनदा दवाखाना: सुपर टॉप-अपमधली वजावट नेमकी कुठे धरली जाते?

जूनमधल्या एका पहाटे साताऱ्यातल्या 67 वर्षांच्या गृहस्थांच्या छातीत कळ येते. ईसीजीत हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसतो आणि त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होते. सात महिन्यांनी, जानेवारीत, ते न्हाणीघरात घसरून पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. स्टेंट बसवल्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरूच असतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला, जास्तीच्या तपासण्या आणि शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस आयसीयू, असं सगळं वाढत जातं. हे उदाहरण समजून घेण्यासाठी रचलेलं आहे आणि आकडे गोल केले आहेत. पण साठी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत एका वर्षात दोन वेगळ्या कारणांनी भरती होणं डॉक्टरांना अजिबात नवं नाही.

या गृहस्थांची मूळ मेडिक्लेम पॉलिसी 5 लाखांची आहे. मुलाने त्यावर आणखी एक पॉलिसी काढून ठेवली आहे, तिची वजावट, म्हणजे डिडक्टिबल, 5 लाख. खर्च 5 लाखांच्या पुढे गेला की ही दुसरी पॉलिसी पैसे देणार, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण 5 लाख कशाचे? एका भरतीचे की वर्षभराच्या सगळ्या भरत्यांचे मिळून?

जूनचं बिल झालं 3,65,000 रुपये. त्यातले 25,000 रुपये हातमोजे, किट आणि पॉलिसीत न बसणाऱ्या इतर खर्चांत गेले. ते घरच्यांनी भरले. उरलेले 3,40,000 मूळ पॉलिसीने दिले आणि तिच्यात 1,60,000 शिल्लक राहिले. जानेवारीचं बिल 4,30,000 रुपयांचं, त्यातले 4,00,000 मान्य होण्यासारखे. मूळ पॉलिसीने शिल्लक 1,60,000 दिले आणि ती संपली. आता राहिले 2,40,000 रुपये, आणि घरच्यांचं लक्ष दुसऱ्या पॉलिसीकडे लागलं.

ती पॉलिसी साधी टॉप-अप असेल, तर वजावट प्रत्येक क्लेमला वेगळी लागते. जूनचा क्लेम 3,40,000 चा, म्हणजे 5 लाखांच्या आत. जानेवारीचा 4,00,000 चा, तोही आत. दोन्ही वेळा उंबरठा ओलांडलाच गेला नाही, म्हणून टॉप-अपकडून एक रुपयाही येत नाही. मूळ पॉलिसी संपलेली आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. सुपर टॉप-अप मात्र वर्षभरातल्या मान्य खर्चाची बेरीज करते. 3,40,000 अधिक 4,00,000 म्हणजे 7,40,000. त्यातून 5 लाखांची वजावट गेली की 2,40,000 ती देते. घरच्यांच्या खिशातून पहिल्या प्रकारात 2,95,000 जातात, दुसऱ्यात फक्त 55,000.

हाच खर्च एकाच भरतीत झाला असता, तर दोन्ही पॉलिसींनी सारखेच पैसे दिले असते. म्हणूनच विकत घेताना हा फरक लक्षात येत नाही. माहितीपत्रकातलं उदाहरण सहसा एकाच मोठ्या शस्त्रक्रियेचं असतं आणि त्यात दोघी सारख्याच दिसतात. हप्त्यात साधी टॉप-अप थोडी स्वस्त दिसते, म्हणून तीच गळ्यात पडते. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ही स्वस्ताई टाळावी, असं स्पष्ट सांगायला हवं. या आजारांत भरती एकदाच होऊन थांबत नाही.

एक बारकावा रुग्णांना क्वचितच कुणी सांगतं. एकाच आजारासाठी, आधीच्या दवाखान्यातल्या शेवटच्या सल्ल्यापासून 45 दिवसांच्या आत पुन्हा त्रास झाला, तर पॉलिसीच्या व्याख्येत तो बहुधा एकच आजार धरला जातो. समजा, झटक्याच्या वेळी एकच रक्तवाहिनी उघडली आणि दुसरीतला अडथळा तीन आठवड्यांनी काढायचं ठरलं. अशा दोन टप्प्यांच्या अँजिओप्लास्टीचा खर्च साध्या टॉप-अपमध्येही एकत्र मोजला जाण्याची शक्यता असते. दुसरा टप्पा तीन महिन्यांनी झाला, तर तो बहुधा वेगळा क्लेम ठरतो. मात्र दुसरा टप्पा कधी करायचा, हे हृदयाची स्थिती पाहून ठरतं. पॉलिसीच्या तारखेसाठी तो पुढेमागे करण्याचा आग्रह कुणी डॉक्टरांकडे धरू नये. खुब्याच्या हाडाला तर या नियमाचा उपयोगच नाही, कारण तो आजारच वेगळा.

सुपर टॉप-अप घेतली म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. बेरीज होते ती तिच्या स्वतःच्या पॉलिसी-वर्षातली. साताऱ्याच्या गृहस्थांची मूळ पॉलिसी 1 एप्रिलपासून सुरू होते आणि सुपर टॉप-अप 1 ऑक्टोबरपासून, असं धरू. मग जूनची भरती सुपर टॉप-अपच्या आधीच्या वर्षात पडते आणि जानेवारीची नव्या वर्षात. जानेवारीला हिशेबात धरायला फक्त 4,00,000 उरतात, वजावटीला 1 लाख कमी पडतात आणि क्लेम शून्यावर येतो. योग्य प्रकारची पॉलिसी असूनही फटका साध्या टॉप-अपइतकाच. दोन्ही पॉलिसींच्या सुरुवातीच्या तारखा शेजारी ठेवून पाहणं, हे या सल्ल्यातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित काम आहे. तारखा जुळत नसतील, तर नूतनीकरणाच्या वेळी त्या जुळवता येतील का, हे कंपनीला विचारावं.

पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे, हे नावावरून ठरवू नये. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित व्याख्येनुसार वजावट वर्षाला लागते, व्यक्तीला की घटनेला, हे कंपनीने स्पष्ट करायचं असतं. पॉलिसीसोबत येणाऱ्या ग्राहक माहिती पत्रकात वजावटीचा रकाना असतो, तो आधी वाचावा आणि मग अटींमधलं तेच कलम. ‘प्रत्येक क्लेमसाठी’ किंवा ‘प्रत्येक भरतीसाठी’ असं लिहिलेलं असेल, तर नावात काहीही असो, ती साधी टॉप-अपच. नवी पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, तेव्हा हे वाचन त्या मुदतीतच उरकावं. फ्लोटर पॉलिसी असेल, तर पती आणि पत्नी दोघांचा खर्च एकाच बेरजेत येतो की नाही, हेही त्याच कलमात सापडतं.

शेवटचा मुद्दा कागदांचा. पहिल्या भरतीत सुपर टॉप-अपकडून काहीच मिळणार नसतं, म्हणून बहुतेक घरांत त्या कंपनीला कळवलंच जात नाही. जानेवारीत बेरीज सिद्ध करायची वेळ येते तेव्हा जूनच्या फायलीची शोधाशोध सुरू होते. पहिल्या भरतीलाच सुपर टॉप-अप कंपनीला ईमेलने कळवून ठेवावं. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, स्टेंटचं स्टिकर आणि मूळ कंपनीचं क्लेम मंजुरीचं पत्र यांच्या प्रती एका फायलीत ठेवाव्यात. मूळ कागद पहिल्या कंपनीकडे जमा झाले असतील, तर तिच्याकडून शिक्का मारलेल्या प्रती मागून घ्याव्यात. मंजुरीच्या पत्रात किती रक्कम मान्य झाली आणि किती का कापली गेली, हे लिहिलेलं असतं. दोन्ही पॉलिसी वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील, तर दवाखान्यात दोन्हींचं कॅशलेस एकाच वेळी जुळेलच असं नाही. उरलेली रक्कम आधी भरून नंतर परतावा मागण्याची तयारी ठेवावी लागते, आणि तेव्हा हेच पत्र सर्वांत आधी मागितलं जातं.